एका गाभ्यात दोन घड्याळं: डोम सीचा हिमगाभा आणि पृथ्वीची कक्षीय चक्रं कशी पडताळावीत

पुराहवामानाच्या घटकात एक गृहपाठ ठरलेला असतो. अंटार्क्टिकाच्या हिमगाभ्यातलं, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलातलं, तापमान घ्या, कार्बन डायऑक्साइड घ्या, शेजारी पृथ्वीची कक्षीय चक्रं मांडा आणि त्यांचा संबंध दाखवा. काम दोन तासांचं वाटतं. फाइली उतरवायच्या, एकाखाली एक तीन रेषा काढायच्या, उंचवटे जुळतात म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. असे अहवाल मी बरीच वर्षं तपासतो आहे. आलेख बहुतेकदा देखणा असतो, त्याखालचा निष्कर्ष मात्र चुकलेला असतो, आणि चुकाही दरवर्षी त्याच.

चूक भौतिकशास्त्रात क्वचितच होते. ती होते वयाच्या रकान्यात. हिमगाभ्यात बर्फाचं एक घड्याळ असतं आणि बर्फात अडकलेल्या हवेचं दुसरं. कक्षेचं तिसरं घड्याळ पूर्ण वेगळं, खगोलशास्त्राच्या गणितातून आलेलं. ही तिन्ही एकमेकांत न मिसळता शेवटपर्यंत कशी न्यायची, तेवढंच इथे सांगतो. उदाहरण एकच घेतलं आहे: पूर्व अंटार्क्टिकातला डोम सीचा गाभा, आणि त्यातला सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा हिमयुगाचा शेवट, ज्याला टर्मिनेशन २ म्हणतात.

## तयारी: ठिकाण समजून घ्या, मगच फाइल उघडा

डोम सी समुद्रसपाटीपासून ३,२३३ मीटर उंचीवर आहे. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असतं. वर्षभरात पडलेला बर्फ वितळवला तर जेमतेम अडीच सेंटीमीटर पाणी होईल, म्हणजे हिशेबाने ते वाळवंटच. इतका कमी बर्फ पडतो म्हणूनच सुमारे ३,२०० मीटर जाडीत ८ लाख वर्षं मावली. पण त्याच कारणाने हवेचे बुडबुडे बंद व्हायला तिथे फार वेळ लागतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. ही जोडी लक्षात ठेवा: लांब नोंद हवी असेल तर हवेच्या वयाची डोकेदुखी सोबत येतेच.

गोव्यातल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात हिमगाभे आहेत, मग तेच का वापरू नयेत? किनाऱ्याजवळच्या उथळ गाभ्यांत बर्फ भरपूर पडलेला असतो, त्यामुळे ते काही शतकांचं हवामान बारकाईने दाखवतात. कक्षीय चक्रांसाठी लाखो वर्षं लागतात. तो गाभा वाईट नाही, प्रश्न वेगळा आहे.

तीन गोष्टी उतरवून घ्या. ड्युटेरियम आणि तापमानाची फाइल `edc3deuttemp2007.txt`, कार्बन डायऑक्साइडची एकत्रित नोंद `antarctica2015co2composite.txt`, आणि डोम सीसाठी `AICC2012` या कालमापनाचा खोली-वय तक्ता. पहिल्या दोन्ही फाइली अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या पुराहवामान संग्रहात मिळतात. कक्षेची मूल्यं पुढे देतोच.

## टप्पा १: प्रत्येक रकान्यावर घड्याळाचं नाव लिहा

आलेख काढण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. ड्युटेरियमच्या फाइलमधला `Age` हा रकाना बर्फाचं वय सांगतो आणि तो `EDC3` या जुन्या कालमापनावर आहे. कार्बन डायऑक्साइडच्या फाइलमधला `age_gas_calBP` हवेचं वय सांगतो आणि तो `AICC2012` वर आहे. म्हणजे घड्याळंही वेगळी आणि ती लावणारे कारागीरही वेगळे. दोन्ही रकान्यांत आकडे वर्षांचेच असल्यामुळे संगणक तक्रार करत नाही, तुम्ही एकावर एक रेषा काढता आणि सगळं बरोबर चाललंय असं वाटतं. मी पाहिलेल्या चुकीच्या अहवालांपैकी निम्मे इथेच घसरले होते.

दोन कालमापनांत काही भागांत हजार वर्षांहून अधिक फरक पडतो. ८ लाख वर्षांच्या आलेखावर तो दिसतही नाही. पण आधी तापमान वाढलं की वायू, असा प्रश्न विचारलात तर तेवढ्या फरकाने उत्तर उलटतं.

तपासणी. ड्युटेरियमच्या फाइलमध्ये पहिलं वय उणे ५० दिसतं. ती छपाईची चूक नव्हे. ही वयं १९५० सालापासून मागे मोजतात, म्हणून उणे ५० म्हणजे सन २०००. पहिल्या १२ ओळींत ड्युटेरियम नसतो. पहिला आकडा १३व्या ओळीत, ६.६ मीटरवर, उणे ३९०.९ असा मिळायला हवा. तो वेगळ्याच ओळीत दिसला तर रकाने सरकले आहेत. तिथेच थांबा आणि फाइल पुन्हा वाचून घ्या.

## टप्पा २: बर्फाचं वय आणि हवेचं वय वेगळं ठेवा

पडलेला हिम लगेच बर्फ होत नाही. वरच्या थराखाली दबत जाणाऱ्या सच्छिद्र हिमाला फर्न म्हणतात. त्याच्या फटींतून वरची हवा आत-बाहेर खेळत राहते. डोम सीला साधारण १०० मीटर खोलीवर या फटी बंद होतात आणि बुडबुडे तयार होतात. तोवर भोवतालचा बर्फ दोन हजारांहून अधिक वर्षांचा झालेला असतो, आतली हवा मात्र जवळजवळ ताजी असते. म्हणून एकाच खोलीवर हवा नेहमी बर्फापेक्षा तरुण. हिमयुगात बर्फ आणखी कमी पडत होता, त्यामुळे हा फरक ४ ते ५ हजार वर्षांच्या घरात जातो.

आता ड्युटेरियमला नव्या कालमापनावर आणायचं. `Age` रकाना बाजूला ठेवा आणि खोलीवरून वय पुन्हा काढा. इथे `d` म्हणजे वाचून घेतलेली ड्युटेरियमची फाइल आणि `aicc` म्हणजे खोली-वय तक्ता:

```python
import numpy as np

z = d["ztop"] + 0.275
d["age_ice"] = np.interp(z, aicc["depth"], aicc["age_ice"])
```

ते ०.२७५ कुठून आलं? प्रत्येक नमुना ५५ सेंटीमीटरचा आहे आणि `ztop` त्याच्या वरच्या टोकाची खोली सांगतो. आपल्याला मधली खोली हवी. वरच्या भागात याने काही बिघडत नाही, पण तळाजवळ एका मीटरमध्ये हजार वर्षांच्या आसपास काळ दाबलेला आहे, तिथे पाव मीटर म्हणजे काही शतकं होतात.

कार्बन डायऑक्साइडच्या वयाला हात लावू नका. ते आधीच हवेचं वय आहे.

इशारा. चूक झाली आहे का, ते निष्कर्षावरूनच ओळखता येतं. वायूला चुकून बर्फाचं वय दिलं तर तो दोन ते पाच हजार वर्षांनी जुना दिसतो आणि आलेख सांगतो की वायू आधी वाढला, तापमान नंतर. आधीच हवेचं असलेलं वय ‘दुरुस्त’ करायला कुणी तोच फरक पुन्हा वजा केला तर उलट होतं, वायू हजारो वर्षं मागे पडतो. तुम्हाला सापडलेलं पुढेमागे नेमकं या फरकाएवढं असेल तर शोध लागल्याच्या आनंदात राहू नका. घड्याळ चुकलं आहे.

## टप्पा ३: ड्युटेरियमचं तापमान करताना हात आखडता ठेवा

बाष्प ध्रुवाकडे सरकत थंड होत जातं तसे जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, असलेले पाण्याचे रेणू वाटेतच जास्त गळून पडतात. हवा जितकी थंड, तितका शेवटी पडणारा हिम ड्युटेरियमने गरीब. हे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत प्रतिसहस्र मोजतात आणि ते ऋण येतं. अधिक ऋण म्हणजे अधिक थंड. तेव्हा अक्ष उलटा करायची गरज नाही. ‘समस्थानिकांचा अक्ष उलटा काढतात’ असं कुठेतरी वाचून दरवर्षी कुणीतरी तो उलटतं, आणि हिमयुगं उकाड्याची होतात. अक्ष उलटतात तो समुद्रतळाच्या गाळातल्या ऑक्सिजन समस्थानिकांचा.

डोम सीवर गेल्या काही हजार वर्षांत हा आकडा उणे ३९५ च्या आसपास आहे, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत उणे ४४० च्या आसपास. पूर्व अंटार्क्टिकात दर अंशाला साधारण ६ प्रतिसहस्र हे नातं वापरतात. फरक ४५, भागिले ६, म्हणजे सात-साडेसात अंश. फाइलमधला `Temperature` रकाना यापेक्षा थोडी मोठी थंडी दाखवेल, कारण हिमयुगात समुद्राच्या पाण्यातलंच समस्थानिकांचं प्रमाण बदललेलं होतं आणि हिमस्तराची उंचीही बदलत होती, आणि त्या दोन्हींची दुरुस्ती त्यात केलेली आहे. तुमचा भागाकार आणि तो रकाना एकाच आलेखात मिसळू नका. रकानाच वापरा. भागाकार फक्त अंदाज घ्यायला.

इशारा. हे तापमान डोम सीचं आहे आणि तेही गेल्या हजार वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक म्हणून दिलेलं. अहवालात ‘पृथ्वी ९ अंशांनी गार झाली’ असं लिहू नका. जगाची सरासरी शेवटच्या हिमयुगात ५ ते ७ अंशांनी खाली होती. ध्रुवाकडे बदल नेहमीच मोठा दिसतो.

## टप्पा ४: कक्षेतून मिळणारं ऊन स्वतः मोजा

या टप्प्यावर मुलं सरळ कुठूनतरी तयार रेषा उचलतात. उचला, हरकत नाही, पण एकदा दोन आकडे स्वतः काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याने निम्मे गैरसमज निघून जातात.

कक्षेच्या तीन गोष्टी लागतात. विकेंद्रता, म्हणजे कक्षा किती लंबगोल आहे ते, सुमारे १ लाख आणि ४ लाख वर्षांच्या चक्रांत बदलते. अक्षाचा कल ४१ हजार वर्षांत साधारण २२ ते साडेचोवीस अंशांमध्ये झुलतो. आणि परांचनामुळे, म्हणजे अक्षाच्या भोवऱ्यासारख्या डोलण्यामुळे, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तो दिवस ऋतूंमधून फिरत राहतो, त्याची चक्रं १९ आणि २३ हजार वर्षांची. आज आपण सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतो.

आपल्याला हवं आहे ते उत्तरेला ६५ अंशांवरचं जूनच्या अयनदिनाचं ऊन. ६५ अंशच का? मोठे हिमस्तर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात त्याच पट्ट्यात वाढले, आणि हिवाळ्यात पडलेला हिम उन्हाळ्यात टिकतो की वितळतो यावर त्यांचं वाढणं ठरतं.

```python
import numpy as np

def sun(e, eps, peri, lat=65, lam=90, S0=1361):
    eps, peri, lat, lam = np.radians([eps, peri, lat, lam])
    d = np.arcsin(np.sin(eps) * np.sin(lam))
    H = np.arccos(np.clip(-np.tan(lat) * np.tan(d), -1, 1))
    r = ((1 + e * np.cos(lam - peri)) / (1 - e**2))**2
    g = H*np.sin(lat)*np.sin(d) + np.cos(lat)*np.cos(d)*np.sin(H)
    return S0 / np.pi * r * g

print(sun(0.016764, 23.459, 280.33))
print(sun(0.039378, 24.040,  95.41))
```

फलनाला दिलेले आकडे क्रमाने विकेंद्रता, अक्षाचा कल आणि उपसूर्य बिंदूचा, म्हणजे कक्षेत सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या जागेचा, कोन. पहिली ओळ १८५० सालची, दुसरी १ लाख २७ हजार वर्षांपूर्वीची. उत्तरं ४७८ आणि ५४६ वॅट प्रति चौरस मीटर यायला हवीत.

तपासणी. तुमचं पहिलं उत्तर ५११ आलं का? मग उपसूर्य बिंदूचा कोन १८० अंशांनी चुकला आहे. हवामान प्रारूपांच्या तक्त्यांत तो कोन बहुधा १८० वजा करून देतात, म्हणजे २८०.३३ ऐवजी १००.३३ आणि ९५.४१ ऐवजी २७५.४१. ही चूक साधी नाही. दोन्ही ओळींत ती केलीत तर आजचं ऊन ५११ आणि १ लाख २७ हजार वर्षांपूर्वीचं ४६७ येतं. म्हणजे ज्या काळात उत्तरेचा उन्हाळा कडक होता तोच मवाळ ठरतो आणि अख्खा अहवाल डोक्यावर उभा राहतो. कोन बरोबर आहे का हे पाहायला जानेवारी आठवा: आजच्या मूल्याने पृथ्वी जूनमध्ये सूर्यापासून लांब असायला हवी, म्हणून अंतराचा गुणक `r` एकापेक्षा कमी यायला हवा.

आता त्या ६८ वॅटची फोड करा. `r` आणि `g` वेगळे छापून पाहा. अंतराचा भाग सोडून फक्त कलाचा परिणाम घेतला तर ऊन ४९४ वरून ५०४ होतं, जेमतेम दोन टक्के. अंतराचा गुणक मात्र ०.९६८ वरून १.०८३ वर जातो, म्हणजे सुमारे १२ टक्के. त्या काळी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जूनमध्ये येत होती आणि कक्षाही आजच्यापेक्षा बरीच लंबगोल होती. तेव्हा इथलं बहुतेक काम परांचनाने केलं आणि विकेंद्रतेने त्याला बळ दिलं. विकेंद्रतेचं खरं काम हेच आहे, परांचनाचा आवाज लहानमोठा करणं.

तिचा स्वतःचा थेट परिणाम किती? पृथ्वीला वर्षभरात मिळणारी सरासरी ऊर्जा दोन्ही काळांत फक्त ०.०६ टक्क्यांनी वेगळी, म्हणजे ३४० वॅटमध्ये ०.२ वॅट. ‘कक्षा बदलली म्हणून पृथ्वीला जास्त ऊन मिळालं’ हे वाक्य म्हणून चुकीचं. ऊन ऋतूंमध्ये आणि अक्षांशांमध्ये वेगळं वाटलं गेलं, एकूण जवळपास तेवढंच राहिलं.

## टप्पा ५: रेषा एकाखाली एक, एकावर एक नाही

१ लाख ५० हजार ते १ लाख १० हजार वर्षांपूर्वीचा तुकडा घ्या. वरच्या पट्टीत ६५ अंश उत्तरेचं जूनचं ऊन, मधल्या पट्टीत कार्बन डायऑक्साइड, खालच्या पट्टीत डोम सीचं तापमान. काळाचा अक्ष तिन्हींना एकच, पण उभे अक्ष वेगळे. एकाच चौकटीत दोन उभे अक्ष घेऊन रेषा खेचून-ताणून जुळवल्या की काहीही काहीशीही जुळतं.

सुमारे १,७०० मीटर खोलीवरचा हा भाग आहे. उत्तरेचं ऊन १ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या आसपास तळाला असतं, मग चढत जाऊन १ लाख २७-२८ हजारांजवळ शिखर गाठतं. त्याच काळात कार्बन डायऑक्साइड सुमारे १९० वरून २८५ दशलक्षांशांपर्यंत जातो आणि डोम सी हिमयुगातून बाहेर पडून आजच्याहून चार-पाच अंश अधिक उबदार होतं.

इथवर सगळे येतात. पुढचं पाऊल क्वचित कुणी टाकतं: डोम सीवरचं स्वतःचं उन्हाळी ऊन मोजून पाहणं. तेच फलन, अक्षांश उणे ७५.१, आणि डिसेंबरसाठी `lam=270`. आजचं उत्तर ५४१ येतं, १ लाख २७ हजार वर्षांपूर्वीचं ४९६. म्हणजे डोम सी सर्वांत उबदार झालं तेव्हा तिथलं भर उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा ८ टक्के कमी होतं! (इथे `nan` आलं तर `np.clip` गाळलं आहे. ७५ अंशांवर डिसेंबरात सूर्य मावळतच नाही, आणि त्या कोनाची व्याख्याच उरत नाही.)

परांचन दोन गोलार्धांना उलट वागवतं. जून सूर्याजवळ आला की डिसेंबर लांब जातो. तरी दक्षिण ध्रुवाजवळचा गाभा उत्तरेच्या उन्हाळ्याबरोबर वर-खाली होतो. कक्षेचं ऊन थेट डोम सी तापवतं हा सोपा खुलासा त्यामुळे बाद होतो. एकतर उत्तरेकडचा बदल हरितगृह वायू आणि महासागरी प्रवाहांतून दक्षिणेला पोहोचला, किंवा दक्षिणेत उन्हाच्या तीव्रतेपेक्षा उन्हाळ्याची लांबी महत्त्वाची ठरली. दुसरा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सूर्यापासून लांब असताना पृथ्वी सावकाश फिरते, म्हणून तेव्हाचा दक्षिणेचा उन्हाळा मवाळ पण लांब होता, आणि ही लांबी उत्तरेच्या तीव्रतेबरोबरच वाढते. नुसत्या परांचनाच्या आलेखावरून या दोहोंत निवड करता येत नाही. अहवालात दोन्ही लिहा.

## टप्पा ६: आधी कोण, नंतर कोण

या प्रश्नाला हात घालण्याआधी वयाची अनिश्चितता पाहा. टर्मिनेशन २ च्या भागात या कालमापनाची कक्षेच्या घड्याळाशी तुलना करताना साधारण दोन हजार वर्षं इकडे-तिकडे धरावी लागतात. म्हणून ‘ऊन वाढल्यावर ८०० वर्षांनी डोम सी तापलं’ असं इथे म्हणता येत नाही. तापमान आणि वायू एकाच गाभ्यात असल्याने त्यांच्यातलं पुढेमागे त्याहून बारीक ठरवता येतं, पण तिथे टप्पा २ मधला वयाचा फरक किती अचूक आहे यावर सगळं टेकलेलं असतं.

हे किती नाजूक आहे ते दोन निकालांवरून दिसतं. २००३ मध्ये काईयों आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्याच व्होस्तोकच्या गाभ्यात, सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या टर्मिनेशन ३ साठी एक युक्ती केली. तापमानाची खूणही त्यांनी बर्फातून न घेता बुडबुड्यातल्याच आर्गॉनच्या समस्थानिकांतून घेतली, म्हणजे दोन घड्याळांचा प्रश्नच मिटला. कार्बन डायऑक्साइड तापमानामागे ८०० वर्षं, अधिक-उणे २००, असं उत्तर आलं. २०१३ मध्ये पारेनां आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या हिमयुगाच्या शेवटासाठी नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून फर्नची जाडी काढली आणि वयाचा फरक नव्याने बांधला. तिथे अंटार्क्टिकाचं तापमान आणि वायू जवळपास एकदमच वाढताना दिसले. दोन वेगळे काळ, दोन वेगळ्या पद्धती. एकाचं उत्तर दुसऱ्यावर लादू नका.

आणि वायू मागे होता असं सिद्ध झालं तरी ‘म्हणजे वायूने तापमान वाढवलं नाही’ असं त्यातून निघत नाही. अंटार्क्टिका जग नव्हे. शेवटच्या हिमयुगाच्या शेवटी जागतिक सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागून वाढलं, असं २०१२ मध्ये शाकुन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवलं. दक्षिणी महासागर तापला, त्यातून वायू सुटला, वायूने सगळीकडे ऊब वाढवली, अशी साखळी असेल तर एकाच ठिकाणची मागेपुढे ही त्या साखळीतली एक कडी असते.

## टप्पा ७: वर्तुळात फिरताय का ते पाहा

शेवटची तपासणी सर्वांत जास्त विसरली जाते. `EDC3` आणि `AICC2012` ही कालमापनं अंशतः कक्षेवरूनच लावलेली आहेत. बुडबुड्यातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक, ऑक्सिजन-नायट्रोजन प्रमाण आणि हवेचं एकूण प्रमाण यांचे चढउतार कक्षीय चक्रांशी जुळवून खोल बर्फाची वयं ठरवली. आता त्याच वयांवर तुम्ही तापमानाचं वर्णपट विश्लेषण केलंत, म्हणजे त्यात किती लांबीची चक्रं किती ठळक आहेत ते पाहिलंत, आणि २३ हजार वर्षांचा उंचवटा सापडला, तर तो काही अंशी तिथे आधीच ठेवलेला होता. घरच्याच माणसांनी साक्ष द्यावी तसं ते.

यातून सुटायला कक्षेशी संबंध नसलेल्या खुणा धरा. सुमारे ७४० मीटरवर बेरिलियम-१० एकदम वाढलेलं दिसतं. ती सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वीच्या लाशां चुंबकीय घटनेची, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र काही काळ क्षीण झालं त्याची, खूण, जिचं वय लाव्हावरून स्वतंत्रपणे काढलेलं आहे. तळाजवळ सुमारे ७ लाख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या चुंबकीय ध्रुवपालटाची अशीच खूण आहे. मधल्या काळासाठी चीनमधल्या गुहांचे चुनखडी स्तंभ आहेत, ज्यांची वयं युरेनियम-थोरियमवरून येतात. अहवालात एक ओळ हवीच: माझ्या तुकड्याचं वय कशावरून आलं आहे, आणि त्यात कक्षेचा वाटा आहे का.

वर्णपट काढणार असाल तर आणखी एक सावधगिरी. नमुने खोलीत समान अंतरावर आहेत, काळात नाहीत. वर दोन नमुन्यांत वीसेक वर्षं, तळाजवळ काही शतकं. आधी समान कालांतरावर आणा, हजार वर्षांचं पाऊल पुरतं. आणि १ लाख वर्षांचा उंचवटा दिसला की ‘विकेंद्रता’ असं लेबल चिकटवून मोकळे होऊ नका. ८ लाख वर्षांत असं चक्र जेमतेम आठ वेळा येतं, आणि विकेंद्रतेचा थेट परिणाम किती क्षीण आहे ते टप्पा ४ मध्ये तुम्हीच मोजलंत. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी विकेंद्रता अगदी कमी होती, तरी डोम सीच्या नोंदीत तिथे एक लांबलचक उबदार काळ आहे. याउलट साधारण १० लाख वर्षांपूर्वीच्या आधी, समुद्रतळाच्या गाळानुसार, हिमयुगं ४१ हजार वर्षांच्या लयीत येत होती. ती लय का बदलली हे पाहायला त्याहून जुना बर्फ लागतो. जानेवारी २०२५ मध्ये डोम सीजवळच्या लिटल डोम सी इथे २,८०० मीटर खोल गाभा काढून झाला आणि त्यात १२ लाख वर्षांपर्यंतचा बर्फ असल्याचं जाहीर झालं. पण ८ लाख वर्षांच्या गाभ्यावरून त्या बदलाबद्दल काहीही लिहू नका, तो काळ त्यात नाहीच.

## टप्पा ८: निष्कर्षाचं वाक्य

‘हिमगाभ्यावरून सिद्ध होतं की कक्षीय चक्रांमुळे हिमयुगं आली’ असं वाक्य मी खोडतो. त्याऐवजी टर्मिनेशन २ साठी एवढं लिहिता येतं: ‘डोम सीच्या बर्फाचं तापमान आणि बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड, दोन्ही `AICC2012` वर आपापल्या घड्याळाने मांडले असता, सुमारे १ लाख ४० हजार ते १ लाख २८ हजार वर्षांपूर्वी ६५ अंश उत्तरेचं जूनचं ऊन वाढत असतानाच वाढतात. कक्षेच्या तुलनेत वयाची अनिश्चितता सुमारे २ हजार वर्षं. शिखराच्या वेळी डोम सीवरचं डिसेंबरचं ऊन आजच्याहून कमी होतं, त्यामुळे स्थानिक उन्हाची तीव्रता हे कारण पुरत नाही. कालमापनात कक्षेचा अंशतः वापर आहे.’